आप्पांवरचा लेख मराठीत लिहू की इंग्रजीत?

कांडीवाली

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

मी मूळची इचलकरंजीची. घरचे आठ माग होते, खर्चीवर चालणारे. सूत व्यापाऱ्याचं, विणायचं आम्ही, मजुरी पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या हिशोबाने. अठराव्या वर्षी इंजिनिअरिंगला पुण्याला गेले, तिथून नोकरीसाठी बंगळूरला. नवरा मल्याळी, त्यामुळे घरात इंग्रजी. तीन वर्षांपूर्वी आप्पा माझ्याकडेच असताना गेले. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता, कळलं तेव्हाच पसरलेला. हॉस्पिटलचे ते पाच आठवडे मी सगळ्यांशी इंग्रजीत बोलत होते, फक्त आप्पांशी मराठीत.

आता त्यांच्यावर लेख लिहायचाय. ओळखीच्या एका दिवाळी अंकाने दोन हजार शब्द मागितलेत. इंग्रजीत लिहिला तर एक ऑनलाइन मासिकही घेईल. इंग्रजी मसुदा दोन बैठकीत झाला, चौदाशे शब्द. मराठीत तीन आठवड्यांत तीनशे, आणि तेही वाचताना शाळेतला 'माझे वडील' निबंध वाटतो. माग मराठीत आठवतात आणि हॉस्पिटल इंग्रजीत. कुठल्याही भाषेत बसलं तरी अर्धा माणूस बाहेर राहतो. तुमच्यापैकी कुणी या भानगडीतून गेलंय का?

---

सदू_मास्तर

वडील मराठी, लेक मराठी, मग कागदावर इंग्रजी कशाला? इंग्रजी मसुदा सरळ फाडून टाका. शांता गोखल्यांचं उदाहरण घ्या. इंग्रजीवर एवढी हुकूमत, पण स्वतःचं लिहायचं ते मराठीत.

---

एक_ठाणेकर

मुलीच्या अमेरिकेतल्या ॲडमिशनच्या वेळी आम्ही यातून गेलोय. कॉमन ॲपचा पर्सनल एसे ना? मर्यादा ६५० शब्दांची आहे, दोन हजार चालणार नाहीत. आजी-आजोबांच्या आजारपणावर लिहू नका, सगळे तेच लिहितात असं आमच्या काउन्सेलर म्हणाल्या.

---

कांडीवाली

@एक_ठाणेकर, माझं वय ३८ आहे हो :) ॲडमिशन नकोय कुठे.

---

झिपरी

तुमचा काही दोष नाही, मेंदूच असा असतो. २००० साली यावर संशोधन झालंय. आठवण ज्या भाषेत घडते त्याच भाषेत साठवली जाते आणि दुसऱ्या भाषेतून ती उघडतच नाही. त्यामुळे बालपण मराठीत आणि हॉस्पिटल इंग्रजीत असे दोन वेगळे लेख लिहा. विषय संपला.

---

रेघोटी

भाषांतरात आणि लोकांचे लेख दुरुस्त करण्यात वीसेक वर्षं गेली आहेत, म्हणून जरा लांबण लावते.

आधी झिपरींचं. तो अभ्यास मारियन आणि नाइसर यांचा. लहानपण रशियात गेलेल्या आणि मग अमेरिकेत वाढलेल्या विद्यार्थ्यांना शब्द देऊन त्यावरून आठवणी सांगायला लावल्या. रशियनमध्ये विचारलं की रशियन बोलण्याच्या काळातल्या आठवणी जास्त आल्या, इंग्रजीत विचारलं की इंग्रजीतल्या. जास्त आल्या, एवढंच. दुसऱ्या भाषेतल्या यायच्या बंद झाल्या नाहीत. कुलूप नाही ते, दार एका बाजूला जरा कललेलं आहे. कांडीवालींनी मागांबद्दल इंग्रजीत लिहिलंच आहे की.

मास्तर, शांता गोखल्यांबद्दल तुमचं अर्धंच बरोबर आहे. कादंबऱ्या मराठीत, पण स्वतःच्या आयुष्यावरचं पुस्तक त्यांनी इंग्रजीत लिहिलं, २०१९ साली. आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' इंग्रजीत नेली तीही त्यांनीच.

कांडीवाली, इंग्रजी मसुदा भराभर झाला याने मात्र हुरळून जाऊ नका. एक विचारते. त्यातल्या गोष्टी तुम्ही याआधी ऑफिसात, मित्रमंडळींत, सासरी किती वेळा सांगितल्या आहेत? दहा वेळा सांगितलेला किस्सा गुळगुळीत झालेला असतो. तो लिहिताना आठवावा लागत नाही, पाठ म्हणावा लागतो. ओळखायची खूण अशी की वाक्यं ठरलेल्या क्रमाने येतात आणि मध्येमध्ये परक्या माणसाला समजावणारी वाक्यं पेरलेली असतात. मसुदा काढून बघा आणि एखादं अडलेलं वाक्य दोन्ही भाषांत इथे टाका.

---

कांडीवाली

बघितलं. पहिलंच वाक्य 'माय फादर वॉज अ वीव्हर इन अ स्मॉल टाउन इन वेस्टर्न इंडिया.' मराठीत हे कुणाला सांगू? आणि लाइट गेल्यावर सगळ्या गल्लीतले माग एकदम थांबायचे, त्या शांततेने आम्ही पोरं झोपेतून जागी व्हायचो, हा किस्सा मी खरंच प्रत्येक नव्या टीमला ऐकवलाय. तो शब्दाला शब्द उतरलाय. तुम्ही पकडलंत.

अडलेलं वाक्य हे. 'दॅट समर वी डिसायडेड टू सेल द लूम्स.' मराठीत 'त्या उन्हाळ्यात आम्ही माग विकायचं ठरवलं' असं लिहिलं आणि पुढे हातच चालेना. का ते कळत नाही, वाक्यात चूक तर काही नाही.

---

रेघोटी

ठरवलं कुणी?

---

कांडीवाली

आप्पा आणि काकांनी. मी २००६च्या मे महिन्यात सुट्टीला घरी आले तेव्हा शेड रिकामी होती. भंगारवाल्याने किलोवर नेले होते माग. फरशीतून बोल्ट वर आलेले, आणि प्रत्येक मागाखाली तेलाचा काळा चौकोन. मी विचारलं तर आप्पा म्हणाले, "आम्ही ठरवलं."

...थांबा. लक्षात आलं.

---

रेघोटी

हो, तेच. आप्पांच्या तोंडचं 'आम्ही' तुम्हाला बाहेर ठेवतं. 'आपण ठरवलं' म्हणाले असते तर तुम्ही आत असता. आणि लेखात तुम्हीच 'आम्ही ठरवलं' लिहिलंत की ठरवणाऱ्यांत तुम्ही जाऊन बसता, जे घडलंच नाही. इंग्रजीतलं 'वी' या तिन्ही गोष्टी एकाच पोत्यात भरतं, म्हणून तिथे हात अडला नाही. तुम्हाला मराठी येत नाही म्हणून तुम्ही थांबला नाहीत. मराठीत ते वाक्य खोटं होतं म्हणून थांबलात.

असंच 'म्हणे'चं. आजोबांनी पहिला माग कसा घेतला हे तुम्ही पाहिलेलं नसणार. मराठीत 'आजोबांनी म्हणे बायकोच्या पाटल्या मोडल्या' एवढं म्हटलं की ऐकीव आहे हे आपोआप कळतं. इंग्रजीत त्यासाठी 'आय वॉज टोल्ड' घालावं लागतं आणि दोनदा घातल्यावर लिहिणारा कंटाळून ते सोडून देतो. मग ऐकलेलं आणि पाहिलेलं एकाच सुरात यायला लागतं.

मी लोकांना एक काम सांगते. लेख बाजूला ठेवा. त्या माणसाबद्दलची, कानाने ऐकलेली वाक्यं लिहून काढा, जशी उच्चारली गेली तशी, त्याच भाषेत. अर्थ लिहायचा नाही, वाक्यच लिहायचं. दहा-बारा झाली की कुठलं वाक्य दुसऱ्या भाषेत नेता येत नाही ते दिसतं. लेख बहुतेक वेळा त्याच्याच आसपास असतो.

---

नकटी

माझं उलटं आहे. गिरगावात वाढले, पण शाळा कॉन्व्हेंट, घरातही आईबाबा मुद्दाम इंग्रजीत बोलायचे. मराठी खऱ्या अर्थाने आली लग्नानंतर, सासूबाईंकडून. मला बाळपण मराठीत लिहिताच येत नाही, पण बाळंतपण फक्त मराठीतच येतं. माझ्या सासूबाई शेक-शेगडी करताना जे बोलायच्या ते इंग्रजीत काय नेणार? तेव्हा मराठी म्हणजे मूळ आणि इंग्रजी म्हणजे वरचा मुलामा हे सगळ्यांना लागू नाही. हेमावैम.

झिपरींसाठी आणखी एक. तुर्की मातृभाषा असलेल्या लोकांच्या बोटांना इलेक्ट्रोड लावून त्यांना शिव्या आणि लहानपणचं रागावणं दोन्ही भाषांत ऐकवलं होतं, ते वाचलंय मी. तुर्कीतलं रागावणं अंगाला जास्त लागलं. पण इंग्रजी ज्यांच्या कानावर अगदी लहानपणापासून आहे त्यांच्यात तसा फरक दिसेलच असं नाही. मला तरी 'शेम ऑन यू'ने अजून घाम फुटतो. सिस्टर आठवतात.

---

झिपरी

बरं, कुलूप नाही, दार कललेलं. मान्य. पण दोन लेखांचा सल्ला तरी काय वाईट होता?

---

पंचगंगाकाठ

आयला, मुद्द्याचं कुणी बोलतच नाही. कांडीवाली ताई, तुम्ही वर लिहिलंय "सुट्टीला घरी आले". इचलकरंजीची पोरगी 'आले' कधीपासून म्हणायला लागली? आमच्याकडे पोरी 'मी आलो', 'मी जेवलो', 'जातो मी' म्हणतात. माझी बहीण चाळीशीची झाली, अजून 'जेवलो'च म्हणते. तुमचे तीनशे शब्द निबंधासारखे वाटतात कारण ते पुण्याच्या मुलीने लिहिलेत.

---

कांडीवाली

@पंचगंगाकाठ, हे वाचून पाच मिनिटं गप्प बसले. बसलो.

होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात "मी जेवून आलो" म्हटलं आणि खोलीत हशा पिकला. एकीने तर विचारलं, "कोण आला?" दिवाळीच्या सुट्टीपर्यंत 'आले' शिकले होते. घरच्या फोनवर 'आलो', फोन ठेवला की 'आले'. नंतर बंगळूरला इंग्रजीत तर प्रश्नच मिटला. इंग्रजीत 'आय केम' म्हणताना मला कुणी हसलं नाही.

माझ्या मसुद्यातलं वाक्य होतं, 'मी शाळेतून आले की कांड्या भरायला बसायचे.' आता लिहून बघितलं, 'शाळंतनं आलो की कांड्या भरायला बसायचो.' ते लिहिलं आणि लगेच पुढचं आलं, जे इंग्रजीत कधीच आलं नव्हतं. कांडी मशीनवर सूत तुटलं की टोक जिभेवर ओलं करून गाठ मारायचो, आणि सुताची आंबूस चव तोंडात राहायची. डबा खाताना भाकरीलाही तीच चव. पंचवीस वर्षांत ही चव आठवली नव्हती.

---

सदू_मास्तर

भावना पोचल्या, पण एक व्यावहारिक अडचण. दिवाळी अंक नागपूर-नाशिकलाही जातो. स्त्री लेखिका 'आलो, बसायचो' लिहिते म्हटल्यावर वाचक मुद्रितशोधकाला शिव्या घालेल, नाहीतर निवेदक पुरुष आहे असं धरून चालेल. तीस वर्षं वह्या तपासल्या आहेत, मी स्वतः लाल शाईने गोल केला असता.

---

रेघोटी

मास्तरांची अडचण खरी आहे. पण तेवढी मोठी नाही. मराठीत 'मी कांडी भरली', 'मी डबा नेला' म्हणताना क्रियापद कांडीकडे आणि डब्याकडे बघतं, बोलणाऱ्याकडे नाही. प्रश्न येतो तो आलो, गेलो, बसायचो असल्या ठिकाणीच. लेखात अशी वाक्यं मोजा, वाटतात त्यापेक्षा कमी निघतील. आणि होस्टेलच्या हशाचा प्रसंग पहिल्या पानावर घेतलात की पुढचं 'आलो' वाचकाला चूक वाटणार नाही.

सगळा लेख बोलीत लिहू नका मात्र. 'शाळंतनं' एकदा गोड लागतं, पंधराव्यांदा ते सोंग वाटायला लागतं.

वाक्यांची यादी केलीत का?

---

कांडीवाली

केली. अकरा झाली. आठ मराठी, तीन इंग्रजी. आठांतली सहा ओरडून बोललेली आहेत, कारण मागावर काम केलेल्या माणसाला ऐकू कमीच येतं आणि आमच्या घरात सगळे रविवारीसुद्धा ओरडूनच बोलायचे. नवऱ्याला पहिल्यांदा घरी नेलं तेव्हा त्याला वाटलं भांडण चाललंय.

तर एक वाक्य दोनदा आलंय. डॉक्टर आप्पांच्या पलंगाशी उभे राहून मला म्हणाले, "सर्जरी इज नॉट ॲन ऑप्शन." आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या कानाशी वाकून ओरडून सांगितलं, "ऑपरेशनची गरज नाही म्हणतात." आप्पा म्हणाले, "बरं झालं. पैसे वाचले."

इंग्रजी मसुद्यात मी याचं एकच वाक्य केलंय, 'आय ट्रान्सलेटेड फॉर हिम.' हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईलाही.

---

नकटी

🙏

---

रेघोटी

अकरातलं हे नेता न येणारं वाक्य. ते ना मराठीत आहे ना इंग्रजीत, दोन्हींच्या मध्ये तुम्ही काय केलंत त्यात आहे. झिपरी, दोन वेगळे लेख केले असते तर हे नेमकं दोन लेखांच्या फटीत पडलं असतं.

दिवाळी अंकात हे सोपं आहे, कारण मराठी वाचकाला ते इंग्रजी वाक्य कळतं. देवनागरीत तसंच ठेवा, त्याखाली तुमचं मराठी वाक्य, आणि 'मी खोटं बोलले' असं समजावून सांगू नका, वाचक ती दोन वाक्यं शेजारी ठेवून बघेल. इंग्रजी मासिकात मात्र तुमचं मराठी वाक्य पुन्हा इंग्रजीत सांगावं लागेल आणि मग आप्पांना जे कळलं नाही ते वाचकाला दोनदा कळेल. अशक्य नाही, पण धार जाते.

हॉस्पिटलचं शब्दभांडार मराठीत कसं आणायचं याची चिंता नको. 'कृत्रिम श्वसनयंत्र' बातमीत चालतं. घरात कुणीही 'व्हेंटिलेटरवर ठेवलंय' असंच म्हणतं.

---

झिपरी

बरोबर. दोन लेखांचं मागे घेतो.

---

पंचगंगाकाठ

एक विचारू का, राग मानू नका. मराठीत छापून आलं की काकू वाचणार, काका वाचणार, आई वाचणार. इंग्रजीत लिहिलंत तर इचलकरंजीत कुणाला पत्ता लागणार नाही. तो चौदाशे शब्दांचा मसुदा दोन बैठकीत झाला त्याचं हेही कारण नसेल?

---

कांडीवाली

असेल. आहेच. आई सातवी शिकलेली, पण पेपर रोज शेवटच्या पानापर्यंत वाचते. इंग्रजी लेख तिला भाऊ 'आप्पांबद्दल छान लिहिलंय ताईने' एवढं सांगून मोकळा होईल. आणि नवऱ्याचं बरोबर उलट. तो शेवटपर्यंत हॉस्पिटलात माझ्या शेजारी होता, आणि मराठी लेखातलं अक्षर त्याला वाचता येणार नाही.

---

सदू_मास्तर

आईला आधी सांगा, छापून मग आणा. तिला ते अंकात कळू नये. हे भाषेच्या बाहेरचं आहे, तरी लिहितो. (आणि इंग्रजी मसुदा फाडून टाका म्हटलो होतो, ते राहू दे. जावयासाठी ठेवा.)

---

नकटी

मी मास्तरांशी सहमत नाही. आजारी माणसाला डॉक्टरांचं म्हणणं बदलून सांगणं आपल्याकडे घरोघरी होतं, त्यात आईची परवानगी कशाला? पण माझी आई आता नाही, त्यामुळे माझ्या बोलण्याला किती अर्थ आहे माहीत नाही.

---

कांडीवाली

चार दिवसांनी येतेय, उशीराबद्दल सॉरी.

मराठीत लिहितेय. बाराशे शब्द झालेत. बालपणात 'आलो', होस्टेलच्या हशापासून 'आले'. हॉस्पिटलचा भाग मात्र अडलाय, कारण तिथे आप्पांशी बोलताना मी 'आलो' होते आणि कॉरिडॉरमध्ये फोनवर कुणीच नव्हते. एका परिच्छेदात दोन्ही क्रियापदं आली की खरंच चूक वाटते. रेघोटी, यावर काही सुचलं तर सांगा.

काल आईला फोन केला. ऑपरेशनचं अजून सांगितलं नाही. आधी सोपं विचारावं म्हणून मागांचं विचारलं, की आप्पा त्या दिवशी मला काय म्हणाले होते, आठवतं का. तर म्हणाली, "आपण ठरवलं, असं म्हणालेत की. तू पुण्यात होतीस, पण तुला धरूनच बोललेत. मी चुलीपुढंच बसलोतो."

मला 'आम्ही' ऐकू आलं होतं. अठरा वर्षं मी त्या शब्दावर रागावून बसलेय.

---

पंचगंगाकाठ

शेडमध्ये माग बंद होते का तेव्हा? म्हणजे शेजारचे. चालू असतील तर 'आम्ही' काय आणि 'आपण' काय, दोघींपैकी कुणालाच नीट ऐकू आलं नसणार.

---

कांडीवाली

चालू होते.